खिडकी उघडली तरी डोकं दुखतं, लावली तरी दुखतं: धुरकं, नवा रंग आणि फवारणी यांतलं नेमकं कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेकदा अशी असते. सकाळी उठल्यावर कपाळ जड, दोन्ही कानशिलांत मंद ठणका. कामाला बाहेर पडलं की तास-दोन तासांत उतरतो. सुट्टीच्या दिवशी घरातच राहिलं तर संध्याकाळपर्यंत पाठ सोडत नाही. बाहेर धुरकं दाटलेलं असतं म्हणून खिडक्या घट्ट लावल्या जातात, आणि दुखणं वाढतं. मग वैतागून सगळं सताड उघडलं जातं, तर डोळे चुरचुरायला लागतात आणि डोकं तसंच राहतं.

या गोंधळाचं कारण सरळ आहे. धुरक्याचा उपाय आणि रंगाच्या वासाचा उपाय एकमेकांच्या उलट आहेत. धुरक्यातले त्रासदायक कण बाहेरून आत येतात, म्हणून खिडकी लावायची. रंगाची आणि फवारणीची वाफ आतच तयार होते, म्हणून खिडकी उघडायची. आधी कारण ओळखलं नाही, तर निम्म्या वेळा आपण नेमका चुकीचा उपाय करत असतो.

सगळ्यात आधी एक शक्यता बाजूला काढा

घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, सोबत मळमळ, गरगरणं किंवा विचित्र थकवा आहे, आणि बाहेर गेल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतंय? मग रंग, धुरकं वगैरे विसरा आणि कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. गॅसचा गीझर, शेगडी, कोळसा किंवा जनरेटर, म्हणजे जिथे काहीतरी जळतं तिथे तो तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो आणि कुठलाही एअर प्युरिफायर तो काढू शकत नाही. ज्योत बंद करा, सगळे बाहेर पडा आणि वैद्यकीय मदत घ्या. जळणारं उपकरण घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं हा बाकी सगळ्या उपायांच्या आधीचा उपाय आहे.

फवारणीनंतर लाळ किंवा घाम फार सुटणं, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, उलट्या, स्नायू फडफडणं यांपैकी काही दिसलं, तर ती विषबाधा समजावी आणि रुग्णालय गाठावं. डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्यावं, कारण उपचार आतल्या रसायनावर ठरतात. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं अचानक दुखलेलं डोकं, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, हे सगळंही या लेखाच्या कक्षेबाहेरचं आणि तातडीचं आहे.

वासाने डोकं दुखतं म्हणजे काय होतं

चेहरा, डोळे आणि नाकाच्या आतलं अस्तर यांची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. डोकेदुखीच्या यंत्रणेतही त्याच तंतूचा मोठा वाटा आहे. झोंबणाऱ्या वाफेने नाकातली त्याची टोकं चाळवली की ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांच्यात झटका सुरू होऊ शकतो. कॅलिफोर्नियात एक तमालपत्राच्या कुळातलं झाड आहे, त्याला लोक ‘डोकेदुखीचं झाड’ म्हणतात. त्याच्या पानांतल्या वाफाळ द्रव्याने नेमकी हीच टोकं चेतवली जातात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पण इथे एक फसगत आहे, आणि ती माझ्यासारख्या अर्धशिशीवाल्यांची नेहमी होते. झटका येण्याआधीच्या तासांत नाक तिखट होतं. एरवी जाणवणार नाही असा वास तेव्हा असह्य वाटतो. मग आपण म्हणतो, ‘त्या वासानेच डोकं उठलं.’ प्रत्यक्षात झटका आधीच निघालेला असतो आणि वासाचा त्रास ही त्याची वर्दी असते. म्हणून एकदा जुळून आलं म्हणजे कारण सापडलं असं धरू नका. तीनदा जुळायला हवं, आणि तो वास नसताना दुखणं थांबायलाही हवं.

धुरक्याबद्दल पुरावा मिश्र आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या एका अभ्यासात, डोकेदुखीमुळे तातडीच्या विभागात आलेल्या सात हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. वाढत्या तापमानाशी संबंध दिसला, प्रदूषणाशी ठळक संबंध सापडला नाही. त्याच वर्षी चिलीतल्या शहरांवरच्या अभ्यासात प्रदूषणाशी संबंध दिसला. म्हणजे धुरकं निर्दोष नाही, पण बाहेर करडं दिसतंय म्हणून सगळा आळ त्याच्यावर टाकणंही घाईचं आहे. आरोप सिद्ध व्हायला नोंदी लागतात.

नोंद कशी ठेवायची

दहा दिवस पुरतात. दुखणं कधी सुरू झालं, तेव्हा आपण कुठल्या खोलीत होतो आणि किती वेळ, खिडकी उघडी होती की बंद, गोळी घेतली का, आणि जवळच्या हवा-मापन केंद्राचा त्या तासाचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा, एवढंच लिहा. दिवसभराची सरासरी लिहू नका, कारण तिच्यात सकाळ-दुपारचा फरक बुडून जातो. वास आला का हेही लिहा, पण बाहेरून घरात पाऊल टाकल्याच्या पहिल्या मिनिटातला. नाक फार लवकर सरावतं. खोलीत अर्धा तास बसलेल्या माणसाचं ‘आता वास नाही’ हे मत बिनकामाचं आहे.

जोडीला एक सोपी चाचणी करा. ज्या खोलीत दुखतं ती सोडून तीन रात्री दुसऱ्या खोलीत झोपा, मग दोन रात्री परत या. बाहेरचं धुरकं दोन्ही खोल्यांना सारखंच असतं. खोली बदलल्याने दुखणं थांबलं तर कारण खोलीत आहे.

एका घराचा हिशोब

ओळखीच्या एका जोडप्याकडे हेच चाललं होतं. थंडीच्या सुरुवातीला पत्नीचं सकाळचं डोकं दुखायला लागलं. धुरक्यालाच दोष देऊन त्यांनी एअर प्युरिफायर आणला, खिडकीच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या. दुखणं रोजचं झालं. शिवाय काही गुरुवारी दुपारी वेगळाच झटका, मळमळीसकट.

खोली साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, उंची २.८ मीटर, म्हणजे सुमारे २९ घनमीटर हवा. तीन आठवड्यांपूर्वी भिंतींना पाण्यातलं इमल्शन आणि कपाटाला, दाराला ऑइल पेंट लावला होता. घरच्यांच्या लेखी रंग ‘दुसऱ्याच दिवशी वाळला’ होता. खोली बदलण्याच्या चाचणीत तिन्ही सकाळी डोकं शांत राहिलं, परतल्यावर दुसऱ्याच पहाटे दुखलं.

हाताला वाळलेला रंग आणि वाफ सोडायचा थांबलेला रंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑइल पेंटमधला टर्पेंटाइनसारखा द्रव पहिल्या काही दिवसांत बराचसा उडून जातो. त्यानंतर आतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत कडक होत जातं आणि त्या क्रियेत आणखी वाफा सुटतात. त्यांचा वास खवट तेलासारखा असतो आणि तो काही आठवडे टिकू शकतो. इमल्शनचा वास कमी असतो, पण रंगाचा थर नीट बसावा म्हणून त्यात घातलेली सावकाश उडणारी द्रव्यंही आठवडेच घेतात. थंडी आणि दमटपणा या दोन्हींनी हे काम रेंगाळतं. ‘कमी वासाचा’ या शब्दांवरही विसंबू नका, वास कमी म्हणजे वाफ कमी असेलच असं नाही. रंगछटा मिसळताना घातलेल्या द्रव्यामुळेही वाफ वाढू शकते.

आता पट्ट्या लावल्याने काय झालं ते पाहा. फटी असलेल्या बंद खोलीत तासाला साधारण अर्धी हवा बदलते असं धरू. खिडकी आणि समोरचं दार उघडून आरपार वारा खेळला तर ताशी पाच वेळा किंवा जास्तही बदलू शकते. भिंत आपल्या वेगाने वाफ सोडतच असते, त्यामुळे हवा दहापट जास्त बदलली की खोलीतलं वाफेचं प्रमाण साधारण दहावा भाग होतं. या जोडप्याने उलटं केलं होतं, अर्ध्याचंही आणखी कमी केलं होतं. वर दोन माणसं रात्रभर त्याच हवेत श्वास घेत होती. एवढ्या खोलीत त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत २००० पीपीएमच्या पुढे सहज जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. कोंदट खोलीतलं जड डोकं त्यावर आलंच.

आणि प्युरिफायर? तो कणांसाठी होता. हेपा गाळणी धूळ आणि धूर पकडते, वाफ तिच्यातून आरामात निघून जाते. वाफेसाठी सक्रिय कोळसा लागतो. घरगुती यंत्रातली कोळशाची पातळ जाळी ताज्या रंगाच्या खोलीत लवकर भरते आणि भरल्यावर धरलेली वाफ परतही सोडू शकते. कोळसा किलोच्या हिशोबात असेल तर गोष्ट वेगळी.

इथेच सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे: बाहेरून आलेले कण घरात गाळता येतात, आतली वाफ मात्र बाहेरच घालवावी लागते. म्हणून दोन्ही संकटं एकत्र असतील तेव्हा खिडकी उघडायची, वाफ घालवायची, मग खिडकी लावून आत आलेले कण प्युरिफायरने काढायचे. हा क्रम उलटा चालत नाही.

त्यांनी काय केलं

जवळच्या केंद्राचे तासागणिक आकडे पाहिले. थंडीत पहाटे आणि रात्री आकडा वर होता, दुपारी एक ते चारमध्ये बराच खाली. थंडीत हे नेहमीचंच, कारण रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकणासारखी अडकते आणि धूर वर जात नाही. ऊन तापलं की झाकण उघडतं. उन्हाळ्यात मात्र दुपारच्या कडक उन्हात ओझोन वाढतो, तेव्हा दुपार ही चांगली वेळ राहत नाही. सकाळ बरी.

दुपारी दोन ते चार खिडकी उघडी ठेवून तिच्यात बाहेर तोंड केलेला पंखा बसवला. खोलीचं दार जेमतेम दोन बोटं उघडं ठेवलं. दुसऱ्या खोलीची खिडकी उघडली, नाहीतर पंखा हवा कुठून ओढणार? मग दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरली. ती खोलीच्या आत झुकली, म्हणजे हवा घरातून खोलीत आणि खोलीतून बाहेर जात होती. पट्टी घराकडे झुकली असती तर रंगाचा वास सगळ्या घरात पसरला असता. पंखा आत तोंड करून लावणाऱ्यांचं हेच होतं.

दोन तासांनी खिडकी लावली आणि प्युरिफायर पूर्ण वेगात चालवला. त्याची क्षमता ताशी १५० घनमीटर स्वच्छ हवेची होती, म्हणजे या खोलीसाठी ताशी पाच फेरे. एवढ्याने साधारण ३५-४० मिनिटांत कणांचं प्रमाण खूप खाली येतं. यंत्र घेताना खोलीचं क्षेत्रफळ काय लिहिलंय ते पाहू नका. खोलीच्या घनमीटरला पाचने गुणा आणि तेवढी क्षमता यंत्रात आहे का ते पाहा.

एकदाच्या हवा-पालटावर मात्र भागत नाही. बंद खोलीत दोन-तीन तासांत वाफ बरीचशी पूर्वपदावर येते, कारण भिंत काम करतच असते. म्हणून त्यांनी झोपण्याआधी आणखी पंधरा मिनिटं खिडकी उघडली, आकडा कितीही असो, आणि नंतर प्युरिफायर लावला. रात्री दार उघडं ठेवलं. गादी आणि जाड पडदे दोन आठवडे दुसऱ्या खोलीत हलवले. कापड आणि फोम वाफ पितात आणि दिवसेंदिवस परत सोडत राहतात, त्यामुळे रंग चालू असताना त्याच खोलीत ठेवलेली गादी ही वासाची दुसरी भिंतच असते. आणि मुख्य म्हणजे त्या दहा-बारा दिवसांत ज्याचं डोकं दुखतं तो माणूस तिथे झोपला नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

सकाळचं दुखणं गेलं. गुरुवारचं राहिलं.

गुरुवारची गोष्ट

इमारतीत एक गुरुवार सोडून जिन्यात आणि पाइपांच्या डक्टमध्ये कीटकनाशक फवारलं जात होतं. यांच्या घरात फवारणी नव्हती, म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. पण दुपारी स्वयंपाक करताना खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट फॅन चालू. फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठूनतरी आत यावीच लागते. ती बाथरूमच्या झरोक्यातून आणि मुख्य दाराखालच्या फटीतून येत होती, थेट फवारलेल्या डक्टमधून आणि जिन्यातून. झरोक्याशी टिश्यूची पट्टी धरल्यावर ती ताठ आत झुकली. गॅसचा गीझर असलेल्या घरात असा फॅन जळलेला वायूही आत ओढू शकतो, त्यामुळे ही चाचणी त्यांनी तरी जरूर करावी.

उपाय साधा निघाला. फॅन चालू असताना मोकळ्या बाजूची एक खिडकी उघडी, झरोक्याला झाकण, दाराखाली रबरी पट्टी आणि सोसायटीकडून फवारणीची वेळ आदल्या दिवशी कळवण्याची विनंती. कुठलं औषध वापरता तेही विचारलं. हा प्रश्न विचारायलाच हवा. घरगुती फवारणीत बऱ्याचदा मूळ कीटकनाशकापेक्षा ते ज्यात विरघळवलेलं असतं त्या द्रवाचा वास जास्त त्रास देतो. लेबलवर नावापुढे ‘ईसी’ असेल तर त्यात साधारणपणे तिखट वासाचे द्रव असतात. ‘एससी’ प्रकार पाण्यातला असतो, त्याचा वास बराच कमी. झुरळांसाठी तर फवारणीऐवजी जेलचे ठिपके लावले की हवेत जवळपास काहीच जात नाही.

फवारणी झालीच, तर लेबलवर लिहिलेला वेळ बाहेर राहा, मग आरपार हवा खेळवा. हवेने द्रवाची वाफ जाते, पण पृष्ठभागावर आणि धुळीत बसलेलं औषध जात नाही. हात लागतात त्या जागा ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात. धान्यातल्या किडीसाठी म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच नकोत. त्यांतून निघणारा वायू जीव घेतो आणि सुरुवात डोकेदुखी-मळमळीनेच होते.

डासांच्या कॉइलबद्दल वेगळं सांगतो, कारण बंद खोलीत तिचा धूर हे घरातलंच धुरकं असतं. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. जाळी लावा, मच्छरदाणी लावा, आणि कॉइल निदान झोपायच्या खोलीतून हद्दपार करा.

वेळ वाया घालवणारे उपाय

खोलीत सुगंधी फवारा मारल्याने रंगाची वाफ तिथेच राहते आणि आणखी एक वास वाढतो. ओझोन सोडणारी यंत्रं तर उलटं काम करतात. ओझोन लिंबासारख्या किंवा पाइनसारख्या वासाच्या द्रव्यांशी मिसळला की फॉर्मल्डिहाइड तयार होतं, आणि ओझोन स्वतः नाकाला झोंबतोच. कुंड्यांची कथा १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून आली. तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. खऱ्या घरात नुसत्या हवा-पालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील असा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला. एन-९५ मास्क बाहेरच्या धुरक्यात उपयोगी आहे, पण वाफ त्यातून जाते. स्वतः रंग लावणार असाल तर सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या.

वेदनाशामक गोळीचंही असंच. महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त साध्या गोळ्या, किंवा निदान दहा दिवस मिश्र गोळ्या अथवा अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्या, असं काही महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. हे दुखणं रंग सुकल्यावरही थांबत नाही, मग माणूस भिंतीला दोष देत राहतो. तुमच्या दहा दिवसांच्या नोंदीत गोळ्यांचा रकाना भरगच्च दिसत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्या जोडप्याच्या वहीत शेवटी दोनच दिवस उरले. दोन्ही दिवशी खोलीत वास नव्हता, फवारणी नव्हती, पत्नी सकाळभर बाहेर होत्या, डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता आणि पीएम २.५ चा आकडा त्या महिन्यातल्या सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी होता. ते दोन दिवस खरोखर धुरक्याचे असावेत. तिसऱ्यांदा जुळतं का, हे त्या पाहणार आहेत. तोवर आकडा चढलेल्या सकाळी त्या मास्क लावून निघतात आणि फिरायला जाणं दुपारवर ढकलतात.